‘सर्व कर्मचारी’ म्हणजे कोण? एका शिफारस योजनेच्या सूचनेचं प्रकरण

पार्श्वभूमी

चाकण परिसरातला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. कंपनीच्या पटावर साधारण चारशे माणसं आणि दोन ठेकेदारांकडची दीडशेच्या आसपास. 2024 च्या उन्हाळ्यात नवीन लाइन सुरू व्हायची होती आणि त्यासाठी 36 सीएनसी-व्हीएमसी ऑपरेटर हवे होते. मी तिथे एच.आर.मध्ये होतो. या प्रकरणातली मूळ सूचना माझ्याच हातची आहे, त्यामुळे चुकांचं श्रेय इतर कुणाला देण्याची सोय नाही.

प्लेसमेंट कन्सल्टन्सी एका माणसामागे त्याच्या वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार घेते. आमच्या ऑपरेटरच्या बाबतीत ही रक्कम 22,000 च्या घरात जात होती, वर जीएसटी. शिवाय कन्सल्टन्सीने पाठवलेली मुलं महिनाभरात शेजारच्या कंपनीत हजार रुपये जास्त मिळतात म्हणून जायची. आपल्याच माणसांनी गावाकडची, आयटीआयमधली ओळखीची मुलं आणली तर ती टिकतील, असं प्लांट हेडचं म्हणणं होतं. ते चूकही नव्हतं. लातूर, नांदेड, बीडकडची मुलं चाकणला येतात ती बहुतेक कुणाच्या तरी खोलीवर उतरूनच. तो ‘कुणीतरी’ आपल्या कारखान्यातला असला की मुलगा आपल्याकडे येतो.

रक्कम ठरली 10,000 रुपये. कन्सल्टन्सीच्या निम्म्याहून कमी, म्हणून मंजुरी एका दिवसात मिळाली. इतक्या सहज मिळालेल्या मंजुरीमुळे बाकीच्या गोष्टींवर कुणी डोकं चालवलं नाही, असं आता वाटतं.

जाहीर केलेली सूचना

20 मे 2024 ला इंग्रजीत मेल गेली. मजकूर चार ओळींचा होता. कंपनीच्या रोलवरील सर्व कर्मचाऱ्यांना ही योजना लागू, शिफारस केलेला उमेदवार रुजू होऊन तीन महिने झाले की 10,000 रुपये ‘रेफरल बोनस’ पगारासोबत मिळेल, आणि नावं एच.आर.कडे द्यावीत.

ऑपरेटरांकडे कंपनीची मेल नसते. म्हणून त्याच संध्याकाळी मी तिचा मराठी मजकूर करून पंचिंग मशीनशेजारच्या फलकावर लावला. मराठी करताना ‘रोलवरील’ हा शब्द गळला. वाक्य झालं: ‘सर्व कर्मचाऱ्यांना कळवण्यात येते की...’. ही आपल्या सूचनांची ठरलेली सुरुवात आहे. पाण्याची टाकी धुण्याची सूचनाही अशीच सुरू होते. हात सवयीने चालला.

दोन दिवसांनी फलकाजवळून जाताना दिसलं की कुणीतरी सूचनेच्या कडेला निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘ठेक्यावरचे धरून?’ मी ते वाचलं, हसलो आणि पुढे गेलो. उत्तर द्यायला अर्धा मिनिट लागला असता.

अडचण कुठून सुरू झाली

प्रतिसाद भरपूर आला. जुलैअखेरपर्यंत 28 ऑपरेटर ओळखीतून रुजू झाले. ऑगस्टमध्ये हिशेबासाठी यादी काढली तेव्हा कळलं की त्यांतले 17 जण पटावरच्या माणसांनी आणले होते आणि 11 जण ठेकेदारांच्या माणसांनी. नावं घेणारी आमची मुलगी नवीन होती. फॉर्मवर टोकन नंबर लिहायची जागा होती, पण गेटपास कंपनीचा निळा की ठेकेदाराचा हिरवा हे विचारलेलं नव्हतं. तिने आलेली सगळी नावं घेतली. तिच्या जागी मी असतो तरी घेतली असती, कारण फलकावर ‘सर्व’ लिहिलं होतं.

ठेक्यावरच्या माणसांना पैसे मिळणार नाहीत असं एका सुपरवायझरने तोंडी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिघं माझ्या केबिनमध्ये आले. त्यांतला वयाने मोठा होता तो म्हणाला, “साहेब, नोटिशीत सर्व लिहिलंय. आम्ही सर्वांत नाही का?” त्याने भाच्याला औशाहून बोलावून घेतलं होतं, दोन महिने आपल्या खोलीत ठेवलं होतं. याला काय उत्तर द्यायचं?

दुसरी अडचण तारखेची. ‘तीन महिने झाले की पगारासोबत’ या वाक्याचे कारखान्यात तीन अर्थ लागले. कामगारांनी तारखेला तारीख धरली. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये मी 90 दिवस भरले होते. आणि टाइम ऑफिसने ते 90 दिवस हजेरीचे मानले, कारण त्यांच्याकडे सगळंच हजेरीवर चालतं. साप्ताहिक सुट्टी वगळली तर 90 हजऱ्यांना 15 आठवडे लागतात.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. 20 जूनला रुजू झालेल्या मुलाचं उदाहरण घेऊ. रुजू झाल्याचा दिवस पहिला धरला तर कॅलेंडरचे 90 दिवस 17 सप्टेंबरला भरतात आणि तीन महिने 19 सप्टेंबरला. आमचा पगाराचा कट-ऑफ 20 तारखेचा, म्हणजे दोन्ही हिशेबांनी पैसे सप्टेंबरच्या पगारात, 7 ऑक्टोबरला. हजेरीच्या हिशेबाने मात्र 90 वा दिवस 2 ऑक्टोबरला येतो, कट-ऑफ चुकतो आणि पैसे थेट 7 नोव्हेंबरला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं. म्हणजे एका अर्थाने पैसे दिवाळीआधी आणि दुसऱ्या अर्थाने भाऊबीज उलटल्यावर.

त्याआधी गणपतीचा घोळ झालाच होता. 4 जूनला रुजू झालेल्या मुलांचे 90 दिवस 1 सप्टेंबरला भरले. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरची, आणि पगारही 7 पर्यंतच होतो. आणणाऱ्यांची समजूत अशी की ‘तीन महिने झाले, पगार आला, पैसे आले’. पण 7 सप्टेंबरला येतो तो ऑगस्टचा पगार, आणि त्याचा कट-ऑफ 20 ऑगस्टला होऊन गेलेला. पैसे महिनाभर पुढे गेले. एकाने त्या भरवशावर आरतीच्या सामानाची उधारी केली होती. हे मला कॅन्टीनमध्ये कळलं, तक्रार म्हणून कुणी सांगायला आलं नाही.

तिसरी अडचण रक्कम आणि शब्द यांची. क्वालिटीतल्या एका जुन्या इंजिनिअरला 10,000 ऐवजी 6,880 मिळाले. शिफारशीचे पैसे हे पगाराचंच उत्पन्न, त्यावर टीडीएस कापला जातो. त्याचं करपात्र उत्पन्न 30 टक्क्यांच्या टप्प्यात होतं आणि वर 4 टक्के उपकर, म्हणून 3,120 गेले. ऑपरेटरांना पूर्ण रक्कम मिळाली, कारण त्यांच्या उत्पन्नावर करच बसत नव्हता. सूचनेत ‘कर वजा जाता’ हे तीन शब्द असते तर त्याने मला पगाराची स्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवली नसती.

‘बोनस’ या शब्दाने मात्र युनियन हलली. त्यांचं पत्र आलं: हा बोनस दिवाळीच्या बोनसमध्ये धरणार का? मला आधी तो खोडसाळपणा वाटला. पण तेव्हाच्या बोनस कायद्याच्या 17 व्या कलमात पूजा बोनस किंवा रूढीने दिलेला इतर बोनस कायद्याच्या बोनसमधून वळता करण्याची तरतूद खरोखरच होती. आमच्या पैशांना ती लागू पडली नसती, पण ज्या माणसाला कलम माहीत आहे त्याला शंका यावी इतपत आमचा शब्द ढिसाळ होता.

पर्याय

12 सप्टेंबरला प्लांट हेड, अकाउंट्स, मी आणि कामगार कायद्याचे आमचे सल्लागार असे बसलो. तारखेचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला: कॅलेंडरचे दिवस, रुजू झाल्याचा दिवस धरून. जे लिहिलंय त्याचा कामगाराला सोयीचा अर्थ घ्यायचा, कारण लिहिणारे आपण होतो. उरलेले दोन तास ठेक्यावरच्या माणसांवर गेले.

पहिला पर्याय म्हणजे नकार. मूळ इंग्रजी मेलमध्ये ‘रोलवरील’ आहे, तीच अधिकृत, मराठी हा फक्त तर्जुमा. अकाउंट्सला हे पटत होतं. पण ज्याला मेल मिळतच नाही त्याला मेल दाखवून काय साधणार? शिवाय त्यांनी आणलेली 11 मुलं मशीनवर उभी होती. मामाला फसवलं असं कळल्यावर भाचा किती दिवस राहील, हा प्लांट हेडचा प्रश्न सगळ्यांना गप्प करून गेला.

दुसरा पर्याय थेट त्यांच्या बँक खात्यात पैसे टाकण्याचा. मला हाच सरळ वाटत होता. सल्लागारांनी अडवलं. ठेका खरा की नावापुरता, असा वाद उद्या न्यायालयात गेला तर पगार कोण देतं, देखरेख कोण करतं हे बघितलं जातं. कंपनीच्या खात्यातून ठेक्यावरच्या माणसाच्या नावाने गेलेली, शिवाय ‘कर्मचारी योजना’ असं नाव असलेली रक्कम हा समोरच्याच्या हातात आयता दिलेला कागद ठरतो. एका नोंदीने काही सिद्ध होत नाही, हेही ते म्हणाले. पण तशा नोंदी आपण होऊन कशाला करायच्या?

तिसरा, गिफ्ट कार्ड. म्हणजे पैसेही नाहीत आणि नकारही नाही. दहा हजार म्हणून सांगायचं आणि हातात मॉलचं कार्ड ठेवायचं, हे मला स्वतःला ऐकवेना. तो पर्याय पाच मिनिटांत संपला.

चौथा, ठेकेदारामार्फत. आम्ही ठेकेदाराला लिहायचं, त्याने वेगळ्या बिलाने आमच्याकडून पैसे घ्यायचे आणि आपल्या माणसांना द्यायचे. कायद्याच्या बाजूने हा स्वच्छ. धोका एवढाच की पैसे मध्येच अडकतात. ठेकेदार सांगतो ‘बिल पास झालं की देतो’, बिल 45 दिवसांनी पास होतं आणि माणूस तोवर काम सोडून गेलेला असतो.

निर्णय आणि अंमल

चौथा पर्याय घेतला, पण उलट्या क्रमाने: ठेकेदाराने आधी द्यायचे आणि बँकेत जमा झाल्याचा पुरावा बिलाला जोडायचा. त्याचा पैसा अडकू नये म्हणून बिल सात दिवसांत पास करण्याची लेखी कबुली अकाउंट्सकडून घेतली. ठेकेदारांपैकी एक लगेच तयार झाला. दुसरा आधी कुरकुरला, मग सेवा आकार मिळणार कळल्यावर तयार झाला.

11 मुलांपैकी सात जणांचे 90 दिवस भरले. सात जणांचे 70,000. त्यावर ठेकेदाराचा 8 टक्के सेवा आकार, 5,600. एकूण 75,600 वर 18 टक्के जीएसटी, 13,608. बिल झालं 89,208 रुपयांचं. जीएसटीची वजावट कंपनीला मिळते, म्हणजे खरा जादा खर्च 5,600 चा. फलकावरच्या एका गळलेल्या शब्दाची किंमत म्हणून मी हा आकडा बरेच दिवस लक्षात ठेवला होता. पण तो हिशेब बरोबर नाही. ठेक्यावरच्या माणसांना वगळलंच असतं तर ती 11 मुलं आलीच नसती.

त्या तिघांना मी स्वतः बोलावून सांगितलं: पैसे मिळणार, किती, कोणाकडून आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्यांतल्या वयाने मोठ्या माणसाने विचारलं, “ठेकेदार कापणार नाही ना?” मी म्हटलं, कापले तर खात्यात दिसतील, आणि ते मला बघायचेच आहेत. नाही कापले.

युनियनला लेखी उत्तर गेलं की या रकमेचा दिवाळीच्या बोनसशी संबंध नाही आणि ती त्यातून वळती होणार नाही. पुढे ‘बोनस’ शब्दच काढून ‘शिफारस बक्षीस’ केला.

परिणाम

7 ऑक्टोबरपर्यंत 17 पैकी 14 आणि 11 पैकी सात अशा 21 मुलांचे पैसे दिले गेले. कन्सल्टन्सीच्या तुलनेत खर्च निम्म्याहूनही कमी. इथे थांबलो असतो तर योजना यशस्वी म्हणून अहवाल गेला असता.

मग दिवाळी झाली. 21 पैकी आठ जण गावाहून परत आलेच नाहीत. मुलं जूनमध्ये रुजू झाली, 90 दिवस सप्टेंबरमध्ये भरले, आणणाऱ्याला पैसे दिवाळीआधी मिळाले. मुलगा दिवाळीला घरी गेला तेव्हा त्याला परत आणण्यात कुणाचं काही अडकलेलं नव्हतं. मुलं पैशासाठी पळाली असं मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर ऑपरेटर गळतात हे चाकणमधल्या कुठल्याही एच.आर.ला माहीत आहे. पण आम्ही मुदत नेमकी त्या गळतीच्या अलीकडे ठेवली होती. तीन महिने का, तर सगळ्यांच्या योजनेत तीन महिने असतात म्हणून. कॅलेंडर कुणी उघडलं नव्हतं.

एकाने सुचवलं की मुलगा सहा महिन्यांत गेला तर दिलेले पैसे आणणाऱ्याच्या पगारातून कापून घ्या. ते बसत नव्हतं. पगारातून काय कापता येतं याची यादी तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्याच्या 7 व्या कलमात ठरलेली होती, आणि दुसऱ्याने नोकरी सोडली म्हणून याचा पगार कापणं त्यात शोधूनही सापडत नव्हतं. शिवाय दिलेलं परत मागणं म्हणजे भांडणच. त्यापेक्षा उशिरा देणं बरं. म्हणून रक्कम दोन हप्त्यांत केली.

दुसरी सूचना

16 डिसेंबरला नवी सूचना लावली. आधी मराठी लिहिली, मग इंग्रजी. मजकूर असा होता:

‘शिफारस बक्षीस योजना. निळ्या गेटपासवाले (कंपनी रोल) आणि हिरव्या गेटपासवाले (ठेकेदार) दोघांनाही लागू. हिरव्या गेटपासवाल्यांना रक्कम त्यांच्या ठेकेदाराकडून मिळेल. विभागप्रमुख आणि एच.आर. विभाग यांना लागू नाही.

रक्कम 10,000 रुपये. पहिला हप्ता 3,000, दुसरा 7,000. आयकर लागू असल्यास वजा होईल. दिवाळी बोनसशी संबंध नाही.

पहिला हप्ता 30 दिवसांनी, दुसरा 180 दिवसांनी. दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्या धरून, रुजू झाल्याचा दिवस पहिला. 20 तारखेपर्यंत दिवस भरले तर त्या महिन्याच्या पगारात, नंतर भरले तर पुढच्या महिन्याच्या पगारात.

उदाहरण: मुलगा 6 जानेवारीला रुजू झाला. 30 दिवस 4 फेब्रुवारीला भरले. 3,000 रुपये 7 मार्चला. 180 दिवस 4 जुलैला भरले. 7,000 रुपये 7 ऑगस्टला.

एकाच मुलाचं नाव दोघांनी दिलं तर ज्याचा फॉर्म आधी त्याला बक्षीस. उमेदवाराकडून पैसे घेतल्यास बक्षीस रद्द आणि कारवाई.’

शेवटची ओळ सल्ला म्हणून घातलेली नाही. पहिल्या फेरीत एकाने दोन मुलांकडून ‘नोकरी लावतो’ म्हणून प्रत्येकी पाच हजार घेतल्याचं नंतर बाहेर आलं. ते वेगळं प्रकरण आहे.

दोन हप्त्यांवर नाराजी झाली. 3,000 फार कमी, असं बरेच जण म्हणाले, आणि जानेवारीत नावं खरोखर कमी आली: पहिल्या महिन्यात नऊच. मुलगा टिकवायचा की मुलं भरपूर आणायची, यांतलं एक आम्ही निवडलं होतं आणि त्याची ही किंमत होती. नवीन लाइन तोवर सुरू झाली होती म्हणून ती परवडली. मे महिन्यात, 36 जागा रिकाम्या असताना, हीच सूचना लावली असती तर कदाचित लाइन उभी राहिली नसती.

आता करायचं झालं तर

मी अजूनही दोन ठिकाणी अडखळतो. एक, 180 दिवस. जानेवारीत रुजू झालेल्याला ते जुलैपर्यंत नेतात, म्हणजे लग्नसराई आणि पेरणी दोन्ही ओलांडून, ते ठीक. पण मेमध्ये रुजू झालेल्याचे 180 दिवस दिवाळीच्या आसपासच संपतात आणि जुनीच अडचण परत येते. दिवस न मोजता ‘दिवाळीनंतर कामावर हजर झाल्यावर’ असं लिहावं का, यावर आमच्यात एकमत झालं नाही. अकाउंट्सला ठाम दिवस हवे होते, प्लांट हेडला दिवाळी.

दुसरं, आणणारा स्वतःच मध्ये नोकरी सोडून गेला तर? नव्या सूचनेत हे लिहायचं राहिलं. फेब्रुवारीत एकाने राजीनामा दिला, त्याने आणलेला मुलगा कामावर होता आणि पहिला हप्ता मार्चच्या पगारात येणार होता. आम्ही 3,000 त्याच्या अखेरच्या हिशेबात दिले, 7,000 दिले नाहीत. त्याने वाद घातला नाही. घातला असता तर आमच्याकडे दाखवायला ओळ नव्हती.

एप्रिलमध्ये ठेकेदारांचे करार नव्याने झाले तेव्हा शिफारस बक्षिसाचं कलम त्यात घातलं, सात दिवसांच्या मुदतीसह. आणि फलकावरच्या सूचनेखाली आता दोन बोटं कोरी जागा सोडतो. निळ्या पेनाने काही उमटलं की त्याच दिवशी खाली लाल पेनाने उत्तर लिहायचं. परवा कुणीतरी विचारलं होतं, ‘अप्रेंटिस आणला तर?’ लिहिलं: नाही, फक्त ऑपरेटर.